वर्गमूळ काढणारा लूप थांबतो कुठे?

काही वर्षांपूर्वी एका छोट्या उपकरणासाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहीत होतो. आत हालचाल टिपणारा एक सेन्सर आणि एक साधा, स्वस्त मायक्रोकंट्रोलर. सेन्सर तीन दिशांचे तीन आकडे द्यायचा. उपकरण स्थिर असलं की गुरुत्वाकर्षणामुळे उभ्या दिशेचा आकडा २५६ च्या आसपास यायचा. एकूण जोर किती हे काढायला तिन्ही आकड्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. शाळेतलंच गणित.

उपकरण हातात घेऊन हलवलं की उत्तम चालायचं. टेबलावर शांत ठेवलं की थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. सहसा बिघाड हलवल्यावर होतो, इथे उलटंच. चिपमध्ये वॉचडॉग नावाचा पहारेकरी असतो: प्रोग्रामने ठरावीक वेळात 'मी जिवंत आहे' असं कळवलं नाही तर तो चिप रीसेट करतो. म्हणजे प्रोग्राम कुठेतरी अडकत होता. डीबगर जोडून, वॉचडॉग बंद ठेवून, अडकलेला प्रोग्राम दर वेळी थांबवून पाहिला. प्रत्येक वेळी तो वर्गमूळाच्या फंक्शनमध्ये, भागाकाराच्या ओळीवर सापडला. त्या क्षणी सेन्सरचे आकडे होते १६, १६ आणि २५६.

या तीन आकड्यांत वावगं काहीच नाही. टेबल किंचित कललेलं होतं, इतकंच. तरीही लूप अडकला. का, ते नीट समजलं की बिनदशांशी वर्गमूळाचं सगळं मर्म हाती येतं.

## सी मध्ये `sqrt()` आहे की, मग ही खटपट कशाला?

आहे. पण ते फंक्शन अपूर्णांकांवर चालतं. अपूर्णांक हाताळण्याच्या संगणकी पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात: संख्येचे ठरावीक अंक आणि दशांशचिन्ह कुठे आहे याची नोंद, असं दोन्ही एकत्र साठवायचं. मोठ्या प्रोसेसरमध्ये यासाठी वेगळी यंत्रणा असते. लहान चिपमध्ये ती बऱ्याचदा नसतेच. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम० मध्ये नाही, ८ बिटांच्या एव्हीआर चिपमध्ये नाही. तिथे `sqrt()` लिहिलं तर कंपायलर तक्रार करत नाही. तो मुकाट्याने लायब्ररीतले तुकडे आणून जोडतो, आणि ते प्रत्येक अपूर्णांकी क्रिया पूर्णांकांच्या ढिगाने आदेशांतून उभी करतात. काम होतं, पण मेमरी खाऊन आणि हळू.

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. आपल्याला हवंय पूर्णांक वर्गमूळ, म्हणजे दिलेली संख्या n असेल तर ज्या पूर्ण संख्येचा वर्ग n च्या वर जात नाही अशी सगळ्यात मोठी संख्या. १६७८५४०८ ही संख्या घ्या. ४०९७ चा वर्ग १६७८५४०९, म्हणजे एकाने जास्त, म्हणून उत्तर ४०९६ हवं. पण ३२ बिटांच्या `float` मध्ये खरं वर्गमूळ, ४०९६.९९९८७८, मावत नाही. जवळचा मावणारा आकडा ४०९७ आहे, आणि `sqrtf` तोच देतं. `double` घेतलं तर ३२ बिटांच्या पूर्णांकांपुरता हा प्रश्न सुटतो. मात्र एव्हीआरच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये `double` लिहिलं तरी ते मुळात ३२ बिटांचंच असतं. नाव मोठं, लक्षण खोटं.

## आयताचा चौरस कसा करायचा?

वर्गमूळ म्हणजे काय, याचं एक चित्र डोळ्यांसमोर ठेवू. n क्षेत्रफळाचा एक आयत आहे. त्याची एक बाजू x आहे, तर दुसरी आपोआप n/x. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की तो चौरस, आणि ती बाजू म्हणजे वर्गमूळ.

समजा x हा अंदाज फार मोठा धरला. मग n/x फार लहान येणार, आयत लांबट. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तर दोघांची सरासरी घ्या आणि तीच नवी बाजू माना. आयत थोडा चौरसाकडे सरकतो. पुन्हा तेच करा. ही युक्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावावर आहे. न्यूटनची पद्धत वर्गमूळाला लावली तरी नेमकं हेच सूत्र मिळतं.

संगणकात हे करायला बेरीज, भागाकार आणि दोनाने भागणं, एवढंच लागतं. भागाकार पूर्णांकांचा, म्हणजे बाकी सरळ टाकून द्यायची. माझ्या अडकलेल्या प्रोग्रामचा गाभा असा होता:

```c
do {
    prev = x;
    x = (x + n / x) / 2;
} while (x != prev);
```

'उत्तर बदलायचं थांबलं की थांब.' वाचायला अगदी शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं.

## तो नेमका कुठे अडकला?

१६ चा वर्ग २५६, तो दोनदा. २५६ चा वर्ग ६५५३६. एकूण ६६०४८. सुरुवातीचा अंदाज ५१२ धरून एकेक फेरी मांडू. y म्हणजे नवा अंदाज.

```
x = 512   n/x = 129   y = 320
x = 320   n/x = 206   y = 263
x = 263   n/x = 251   y = 257
x = 257   n/x = 256   y = 256
x = 256   n/x = 258   y = 257
x = 257   n/x = 256   y = 256
```

पहिल्या तीन ओळींत पद्धतीचा वेग दिसतो. २५७ पासूनचं अंतर आधी २५५, मग ६३, मग ६, मग शून्य. जवळ आल्यावर प्रत्येक फेरीत बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते. त्यामुळे चार-पाच फेऱ्यांत काम उरकतं.

चौथ्या ओळीपासून मात्र झोका सुरू होतो: २५७, २५६, २५७, २५६. `x != prev` ही अट कायम खरी राहते आणि लूप कधीच संपत नाही. दोष गणिताचा नाही, टाकून दिलेल्या बाकीचा आहे. खरं वर्गमूळ २५६.९९८ आहे. २५६ वरून निघालो तर सरासरी बरोबर २५७ येते. २५७ वरून निघालो तर सरासरी २५६.५ येते आणि अर्धा कापला जाऊन २५६ उरतात.

हे एखाद्या संख्येचं दुर्दैव नव्हे. पूर्ण वर्गाच्या एकाने खालच्या प्रत्येक संख्येला हेच होतं: ३, ८, १५, २४, ३५… आणि ६६०४८ म्हणजे २५७ चा वर्ग उणे एक. बाकीच्या संख्यांना हा लूप बिनबोभाट बरोबर उत्तर देतो, म्हणून चाचणीत तो सहज निसटतो. १००, २५०, १००० असे गोल आकडे टाकून पाहिले होते मी. सगळे पास. टेबलावर ठेवलेल्या सेन्सरचे आकडे मात्र एकदोनाने सतत थरथरत असतात, आणि त्या थरथरीत कधी ना कधी १६, १६, २५६ पडायचेच.

## 'फरक एकपेक्षा जास्त नसेल तर थांबा' असं का नाही?

पहिला उपाय बहुतेकांना हाच सुचतो. झोका एकाचाच आहे ना, मग एकाचा फरक चालवून घेऊ आणि नवा अंदाज उत्तर म्हणून देऊ. लूप थांबेल हे खरं. पण n = ८ घ्या, सुरुवात ४ पासून. ८/४ = २, सरासरी ३. फरक एकाचा, म्हणून थांबलो आणि उत्तर दिलं ३. बरोबर उत्तर २ आहे. अडकणारा प्रोग्राम निदान रीसेट होऊन ओरडतो तरी. हा शांतपणे चुकीचं सांगतो. मला विचाराल तर पहिलाच परवडला.

ठरावीक इतक्या फेऱ्या मारून थांबणं हेही तितकंच फसवं. झोक्यात सापडलेल्या संख्येला उत्तर कोणतं मिळेल, हे फेऱ्यांची संख्या सम की विषम यावर ठरतं.

योग्य नियम वेगळाच आहे: वरून सुरुवात करा, अंदाज उतरत असेल तोवर चालत राहा, आणि ज्या क्षणी नवा अंदाज जुन्यापेक्षा लहान नसेल त्या क्षणी थांबून जुना अंदाज द्या. जिना उतरताना पाय खालच्या पायरीऐवजी जमिनीवर टेकला की कळतं ना, तसं.

हा नियम नेहमी बरोबर का, ते आयताच्या चित्रातूनच दिसतं. सारख्या क्षेत्रफळाच्या आयतांमध्ये चौरसाचा घेर सगळ्यात कमी असतो. म्हणजे कोणत्याही आयताच्या दोन बाजूंची सरासरी चौरसाच्या बाजूपेक्षा कमी होऊच शकत नाही. बाकी कापल्याने सरासरी थोडी खाली येते, पण खऱ्या सरासरीतला अपूर्णांक जेवढा, तेवढीच. त्यामुळे नवा अंदाज फार तर खऱ्या वर्गमूळाच्या पूर्णांक भागापर्यंत येतो. त्याच्या खाली घसरत नाही. ही झाली जमीन.

दुसऱ्या बाजूने, x जर अजून त्या उत्तरापेक्षा मोठा असेल तर तो खऱ्या वर्गमूळाहूनही मोठा आहे. मग n/x त्याच्यापेक्षा लहान, आणि सरासरी किमान एकाने उतरणारच. म्हणजे जमिनीवर पोचण्याआधी लूप थांबत नाही आणि जमिनीखाली जात नाही. उतरणं थांबलं की आपण नेमके उत्तरावर उभे असतो. वरच्या उदाहरणात पाचव्या ओळीत x = २५६ असताना y = २५७ आला; इथेच थांबायचं, उत्तर २५६.

## सुरुवात कुठून करायची?

नियमाची एकच अट: पहिला अंदाज खऱ्या वर्गमूळापेक्षा लहान नको. सगळ्यात आळशी पर्याय म्हणजे x = n. तो दोन कारणांनी वाईट आहे.

एक तर वेळ. ६६०४८ पासून उतरायला लागलो तर सुरुवातीला n/x इतका लहान असतो की प्रत्येक फेरीत अंदाज फक्त निम्मा होतो: ३३०२४, १६५१३, ८२५८… एकूण १२ भागाकार लागतात. ५१२ पासून ५ पुरले.

दुसरं कारण धोक्याचं. ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५. ती n म्हणून आली तर पहिल्याच फेरीत x + n/x म्हणजे ४२९४९६७२९५ + १. ही बेरीज ३२ बिटांत मावत नाही. गाडीचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर जावं तशी ती शून्य होते. नवा अंदाज शून्य, तो जुन्यापेक्षा लहान, म्हणून लूप पुढे जातो आणि n ला शून्याने भागतो. पुढे काय होईल याची सी भाषा कसलीही हमी देत नाही.

चांगला अंदाज मिळवायला n चे बिट मोजायचे, त्याच्या निम्मे घ्यायचे (विषम असतील तर वर ढकलून) आणि दोनाचा तेवढा घात धरायचा. ६६०४८ ला १७ बिट लागतात, निम्मे ९, दोनाचा नववा घात ५१२. हा अंदाज नेहमी खऱ्या वर्गमूळाहून मोठा असतो आणि फार लांबही नसतो. सगळं मिळून फंक्शन असं दिसतं:

```c
#include <stdint.h>

uint32_t isqrt(uint32_t n)
{
    if (n < 2) return n;

    uint32_t x = 1;
    for (uint32_t t = n; t; t >>= 2)
        x <<= 1;

    for (;;) {
        uint32_t y = (x + n / x) / 2;
        if (y >= x) return x;
        x = y;
    }
}
```

`t` दर वेळी दोन बिटांनी आखडतो आणि `x` एका बिटाने वाढतो, म्हणून निम्मे बिट. पहिली ओळ शून्यासाठी हवीच, नाहीतर n = ० ला अंदाज शून्यावर उतरतो आणि पुन्हा शून्याने भागाकार. सगळ्यात मोठ्या n ला सुरुवात ६५५३६ पासून होते, त्यामुळे बेरीज कुठेही ओसंडत नाही.

## तपासायचं कसं?

खरं उत्तर फक्त पूर्ण वर्गापाशी बदलतं. म्हणून प्रत्येक वर्ग आणि त्याच्या एकाने खालची संख्या एवढंच साध्या संगणकावर तपासावं. ३२ बिटांत असे ६५५३५ वर्ग आहेत. सेकंदभरही लागत नाही.

```c
for (uint32_t k = 1; k <= 65535; k++) {
    assert(isqrt(k * k) == k);
    assert(isqrt(k * k - 1) == k - 1);
}
assert(isqrt(UINT32_MAX) == 65535);
```

शेवटची ओळ लूपच्या बाहेर आहे, कारण ६५५३६ चा वर्ग ३२ बिटांत बरोबर शून्य होतो. योगायोग असा की सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५ हीसुद्धा पूर्ण वर्ग उणे एक आहे. म्हणजे माझा जुना लूप तिच्यावरही अडकला असता. दोन `assert` आधी लिहिले असते तर टेबल आणि डीबगरशी गाठ पडलीच नसती.

## पण चिपला भागाकारच येत नसेल तर?

ही शंका रास्त आहे. कॉर्टेक्स-एम३ ला भागाकाराचा आदेश आहे आणि तो २ ते १२ घड्याळी ठोक्यांत संपतो. कॉर्टेक्स-एम० ला तो आदेशच नाही. तिथे भागाकारही लायब्ररीतून येतो. अशा ठिकाणी दुसरी पद्धत बरी, आणि ती तुम्हाला आधीच येते: शाळेतली भागाकार पद्धत. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या, डावीकडून एकेक जोडी खाली घ्यायची, आतापर्यंतच्या उत्तराची दुप्पट करायची आणि पुढचा अंक चाचपडत शोधायचा. अंकाअंकाने वर्गमूळ काढण्याची ही रीत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सूत्रात बांधली होती.

दशमान पद्धतीत यातली कटकट म्हणजे तो पुढचा अंक: ० ते ९ पैकी कोणता बसेल? द्विमान पद्धतीत अंक दोनच, ० किंवा १. वजाबाकी होत असेल तर १, नाहीतर ०. चाचपडणं संपलंच.

```c
uint32_t isqrt_bits(uint32_t n)
{
    uint32_t r = 0, bit = 1UL << 30;

    while (bit > n) bit >>= 2;
    while (bit) {
        if (n >= r + bit) {
            n -= r + bit;
            r = (r >> 1) + bit;
        } else {
            r >>= 1;
        }
        bit >>= 2;
    }
    return r;
}
```

गुणाकार नाही, भागाकार नाही, पहिल्या अंदाजाची भानगड नाही. मुख्य लूपच्या जास्तीत जास्त १६ फेऱ्या, कारण ३२ बिटांच्या जोड्या सोळाच. झोका तर शक्यच नाही. भागाकार स्वस्त असेल तर हेरॉनची सरासरी घ्यावी, नसेल तर ही. पक्कं उत्तर त्या चिपवर दोन्ही मोजूनच मिळतं.

## २५६.९९८ ला २५६ म्हणणं पटत नाही

मलाही पटलं नव्हतं. सेन्सरच्या कामात जवळचा पूर्णांक हवा असतो. त्यासाठी फंक्शनला हात लावू नये. उत्तर r आल्यावर n मधून r चा वर्ग वजा करा. उरलेलं r पेक्षा जास्त असेल तर एक मिळवा. ६६०४८ मधून ६५५३६ गेले, उरले ५१२. ते २५६ पेक्षा जास्त, म्हणून २५७.

त्याहून बारीक हवं असेल तर आधी n लाच फुगवायचं. n ला २५६ ने गुणलं की वर्गमूळ १६ पट होतं. ६६०४८ चे झाले १६९०८२८८, त्याचं पूर्णांक वर्गमूळ ४१११, म्हणजे सोळांशांत मोजलं तर २५६.९४. n २४ बिटांत मावत असेल तरच हे करता येतं, नाहीतर गुणाकार ओसंडतो. माझ्या उपकरणात तिन्ही आकडे दोन्ही बाजूंना ५१२ च्या आतले होते. वर्गांची बेरीज फार तर ७८६४३२, म्हणजे २० बिट, आणि सोळांश बिनधास्त मावले.